पाच टेबलांच्या अकाउंटिंग ऑफिससाठी मशीन निवडताना वॉट कुठे मोजायचे

प्रश्न: सदाशिव पेठेत आमचं छोटं अकाउंटिंगचं ऑफिस आहे, पाच टेबलं. दिवसभर एक्सेल, टॅली आणि क्रोममध्ये पंचवीस-तीस टॅब उघडे. मशिनं चौथ्या पिढीची आय५, ८ जीबी रॅम, दोघांत जुनं ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे बदलायचीच आहेत. दुकानदार १२व्या पिढीचा आय५ आणि ६५० वॉटचा एसएमपीएस सांगतोय. मला कमी वीज खाणारं आणि निदान सहा-सात वर्षं त्रास न देणारं हवंय. लाईट गेली की आमचा यूपीएस दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. नेमके कोणते पार्ट घेऊ?

उत्तर:

यूपीएसपासून सुरू करतो, कारण कमी वीज खाणाऱ्या मशीनचा खरा फायदा तिथे मिळतो. वीजबिलात तो तेवढा दिसत नाही. तुमच्यासारखं जुनं मशीन कार्डासकट नुसतं चालू असताना भिंतीच्या सॉकेटमधून साधारण ६० वॉट घेतं, आणि नीट निवडलेलं नवं मशीन २५ च्या आसपास. फरक ३५ वॉट. पाच मशिनं, रोज नऊ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर वाचतात सुमारे ४७० युनिट. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडत असतील तर वर्षाला साडेपाच हजारांपेक्षा थोडे जास्त. तुमचा खरा दर महावितरणच्या बिलावरून काढा: एकूण रक्कम भागिले युनिट. पैसे वाचतात हे खरं, पण एवढ्या बचतीतून पाच मशिनांचा खर्च निघणार नाही. त्यामुळे 'कमी वॉट'साठी महागडा पार्ट कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

आता बॅटरीकडे बघा. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक लेड-ॲसिड बॅटरी. कागदावर ती ८४ वॉट-अवरची, पण हा आकडा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच मिळतो. जुनं मशीन काम करताना ७० वॉट आणि दोन मॉनिटर मिळून ४०, असे ११० वॉट मागितले की यूपीएसमधला तोटा धरून बॅटरीतून अकरा अँपिअरहून जास्त प्रवाह ओढला जातो. इतक्या वेगाने ओढल्यावर ती आपल्यातली निम्मीच ऊर्जा देऊ शकते. नव्या बॅटरीवरही जेमतेम पाव तास मिळतो, आणि तुमची बॅटरी दोन-अडीच वर्षांची असेल तर दहा मिनिटंही न टिकणं अगदी अपेक्षित आहे. तीच मागणी ५५ वॉटवर आणली की प्रवाह निम्मा होतो आणि शिवाय बॅटरी आपल्यातला मोठा हिस्सा बाहेर देते. म्हणून वेळ दुपटीहून जास्त वाढतो. नव्या बॅटरीवर ४० मिनिटं मिळू शकतात. मी हिशेबात अर्धा तासच धरतो. गुरुवारी देखभालीसाठी लाईट काही तास जाते, त्याला हे पुरणार नाही. पण भर दुपारी अचानक जाणारी दहा-वीस मिनिटांची लाईट त्यात निघून जाते, आणि तुमचं चालू रिटर्न व टॅलीची एंट्री शाबूत राहते.

५५ वॉट गाठायला मशीन ३५ च्या आत काम करायला हवं आणि बॅटरीच्या सॉकेटवर एकच मॉनिटर हवा. दुसरा मॉनिटर सरळ भिंतीला लावा. लाईट गेल्यावर तो बंद पडेल, पण फाईल सेव्ह करायला एक पुरतो.

म्हणजे प्रश्न असा उरतो की मशीन कमी काम करत असताना वॉट कुठे जातात. अकाउंटिंग ऑफिसचं मशीन दिवसातला बहुतेक वेळ वाट बघत असतं: तुम्ही आकडा टाइप करता, पोर्टल लोड होतं, फोन वाजतो. प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेले ६५ वॉट या वेळेबद्दल काहीच सांगत नाहीत. तो आकडा सलग पूर्ण ताकदीने काम करताना किती उष्णता काढून टाकावी लागेल याचा आहे. रिकाम्या वेळेत आजकालचे चार किंवा सहा कोअरचे साधे डेस्कटॉप प्रोसेसर काही मोजके वॉट घेतात. बाकीचे जातात ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा स्वतःचा तोटा, हार्ड डिस्क आणि पंखे यांत. प्लगमध्ये बसणारा साधा वॉटमीटर तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतो. तो आणून आधी आजच्या मशीनचे आकडे लिहून ठेवा: एकदा नुसता डेस्कटॉप उघडा असताना, एकदा नेहमीचे सगळे टॅब आणि सर्वांत जड वर्कबुक उघडून. नंतर ज्या मशीनमध्ये कार्ड आहे त्यातलं ते काढून, मॉनिटर मदरबोर्डला लावून पुन्हा मोजा. खर्च शून्य, आणि काही मिनिटांत कळतं की कार्ड काही न करता किती खात होतं.

नव्या मशीनमध्ये कार्ड घेऊच नका. एक्सेल, टॅली आणि ब्राउझर दोन मॉनिटरवर चालवायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरून उरतं. फक्त प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी F अक्षर नाही हे बघा. F असलेल्यात ग्राफिक्स नसतं, तो थोडा स्वस्त म्हणून सुचवला जातो आणि मग कार्ड घ्यावंच लागतं.

प्रोसेसरबद्दल माझं मत दुकानदारापेक्षा वेगळं आहे. आय५-१२४०० ला सहा कोअर आहेत आणि एका कोअरवर तो ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आय३-१२१०० ला चार कोअर, आठ थ्रेड आणि ४.३ गिगाहर्ट्झ. थ्रेड म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो ती कामाची एकेक रांग. एका कोअरच्या वेगात दोघांत फारसा फरकच नाही, आणि एक्सेलमध्ये माणूस ज्यासाठी ताटकळतो ते काम बहुतेक वेळा एकाच कोअरवर चालतं. मॅक्रो एकाच थ्रेडवर चालतो. INDIRECT असलेली सूत्रंही एकाच थ्रेडवर मोजली जातात. साधी सूत्रं मात्र एक्सेल थ्रेडमध्ये वाटून घेतं, तेव्हा खाली स्टेटस बारवर Calculating च्या पुढे थ्रेडची संख्या दिसते.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते आजच तपासता येईल. जड फाईल अडकलेली असताना टास्क मॅनेजर उघडा. तुमच्या जुन्या आय५ ला चार थ्रेड आहेत, त्यामुळे एकच थ्रेड पूर्ण भरला असेल तर सीपीयूचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसलेला दिसतो. तसं दिसलं तर जास्त कोअर घेऊन एक सेकंदही वाचणार नाही, एका कोअरचा वेग हवा. आकडा ९०-१०० वर जात असेल तर त्या टेबलाला आय५ द्या, बाकीच्यांना आय३. ज्या ऑफिसांची मशिनं मी बघतो त्यांत बहुधा एखाद्याच टेबलावर असं काम असतं: मोठ्या क्लायंटचं रिकन्सिलिएशन, जीएसटीच्या २बीची जुळवणी, लाखभर ओळी. १२१०० बाजारात मिळत नसेल तर १४१०० घ्या. रचना जवळजवळ तीच, वेग थोडा जास्त.

नावात T असलेले ३५ वॉटचे प्रोसेसर शोधत बसू नका. ते सलग जड कामात आपला वेग आवरतात, म्हणून उष्णता कमी. रिकाम्या वेळेत ते साध्या प्रोसेसरइतकंच खातात, आणि तुमचा दिवस रिकाम्या वेळेचाच आहे. छोट्या डब्यातल्या एन१०० बद्दलही विचारणारे बरेच भेटतात. त्याची वीज खरोखर फार कमी आहे आणि चलन भरणं, मेल, स्कॅनिंग अशा टेबलाला तो चालतो. पण त्याचा एका कोअरचा वेग बराच कमी आहे आणि रॅमला एकच चॅनल आहे. शिवाय त्याचा अ‍ॅडॉप्टर किंवा बोर्ड गेला तर बुधवार पेठेतून संध्याकाळपर्यंत बदली पार्ट आणून मशीन उभं करता येईल याची खात्री नसते. साध्या मायक्रो-एटीएक्स मशीनमध्ये ती असते, आणि २० तारखेला जीएसटीची ३बी भरायची असते तेव्हा ती सर्वांत जास्त लागते.

एसएमपीएसवर थोडा वेळ घालवतो, कारण टिकाऊपणा इथे ठरतो आणि सर्वांत जास्त काटकसरही इथेच केली जाते. कॅबिनेटसोबत येतो तो '४५० वॉट' घेऊ नका आणि ६५० वॉटचाही घेऊ नका. तुमचं मशीन पूर्ण ताकदीवर ९० वॉटच्या आसपास जाईल, बाकी वेळ २५ ते ३५ वर. कार्यक्षमतेची एटी प्लस ब्राँझ ही खूण २०, ५० आणि १०० टक्के लोडवर तपासलेली असते. ६५० वॉटच्या एसएमपीएसवर २५ वॉट म्हणजे चार टक्के. तिथे कार्यक्षमता किती याबद्दल ती खूण काहीच बोलत नाही, आणि बहुतेक एसएमपीएस तिथे वाईटच असतात. म्हणून चांगल्या कंपनीचा जितक्या कमी वॉटचा मिळेल तितका बरा. आपल्याकडे तो साधारण ४०० ते ४५० ला सुरू होतो. तेवढा घ्या.

चांगला कसा ओळखायचा? बाजूचं लेबल वाचा. आजचं मशीन जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतं. लेबलवर १२ व्होल्टसमोर ३६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॉट. ४५० चा दावा खरा आहे. तिथे १६ अँपिअर असेल तर खरे वॉट १९२ आणि बाकीचा आकडा सजावटीचा. दुसरी खूण वॉरंटीची: पाच वर्षं लिहून देणारा निर्माता आतले कॅपॅसिटर बरे वापरतो. तिसरी, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून वीज सुरळीत लहरीत ओढणारी रचना, लिहिलेलं हवं.

या सगळ्याचा यूपीएसशी थेट संबंध आहे. लाईट गेल्यावर साध्या लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, साधारण ४ ते १०. तेवढा वेळ मशीन एसएमपीएसमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर जगतं. मानकाप्रमाणे चांगल्या एसएमपीएसने पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरायला हवा, आणि लोड कमी असेल तर तो आणखी वेळ धरतो. स्वस्तातल्यात तो कॅपॅसिटर लहान असतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत सुकत जातो. मग यूपीएस चांगला असूनही लाईट गेली की मशीन रीस्टार्ट होतं, आणि लोक यूपीएस बदलत बसतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये System खाली `Kernel-Power`, इव्हेंट आयडी 41 शोधा. तपशिलात `BugcheckCode` 0 असेल आणि वेळ लाईट जाण्याच्या वेळेशी जुळत असेल, तर विंडोज कोसळलेलं नाही, वीज तुटली आहे. त्याच यूपीएसवर दुसरं मशीन लावून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. दुसरं चालू राहिलं तर दोष पहिल्याच्या एसएमपीएसचा.

ही प्लग काढायची परीक्षा नव्या मशीनवर पैसे पूर्ण देण्याआधी नक्की करा, कारण काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या एखाद्या एसएमपीएसशी त्यांचं जमत नाही. इतक्या कमी लोडवर बहुधा जमतं, पण जोडी तपासूनच घ्यावी. परीक्षेच्या वेळी सगळे टॅब आणि जड वर्कबुक उघडं ठेवा, टॅलीचा खरा डेटा नको.

आणखी एक, पेठेतल्या जुन्या इमारतींसाठी खास: इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधरा दिसत असेल तर आधी अर्थिंग करून घ्या, नाहीतर चांगल्यात चांगला एसएमपीएसही अकाली जाऊ शकतो.

रॅम १६ जीबी, ८ च्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीत १६ घेतली तर मशीन चालतं, पण ग्राफिक्सही त्याच रॅममधून काम करतं आणि दोन पट्ट्यांनी त्याला दुहेरी रस्ता मिळतो. १६ पुरेल का हेही अंदाजाने ठरवू नका. महिन्यातल्या सर्वांत धावपळीच्या दिवशी, सगळं उघडं असताना, टास्क मॅनेजरमध्ये Performance, मग Memory उघडा आणि Committed खालचा पहिला आकडा बघा. विंडोजने सगळ्या प्रोग्रामना मिळून दिलेल्या मेमरीचा तो हिशेब आहे. तुमच्या ८ जीबीच्या मशीनवर तो ११-१२ दिसत असेल तर मशीन डिस्कवर फेऱ्या मारतंय, आणि तुम्हाला जाणवणारा संथपणा प्रोसेसरचा नाही. १६ मध्ये ते आरामात बसेल. एखाद्या टेबलावर तो १८-२० च्या वर जात असेल तर तिथेच ३२ द्या. मायक्रोसॉफ्ट ऑफिस मात्र ६४-बिटचंच बसवा. ३२-बिटचं एक्सेल तुमची कितीही रॅम असली तरी थोडीशीच वापरू शकतं आणि मोठ्या फाईलवर मेमरी संपल्याचा निरोप देतं.

रॅमचा वेग वाढवणारं बायोसमधलं एक्सएमपी चालू करू नका. पट्टी तिच्या साध्या वेगाने चालू द्या. जिथे एका आकड्यावर सही होते तिथे मिळणारा एखाद-दोन टक्के वेग नको, आणि साध्या वेगाला व्होल्टेजही कमी लागतं. मशीन आल्यावर एक रात्रभर MemTest86 चालवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत करा. खराब रॅम दर वेळी मशीन बंद पाडत नाही. कधी कधी ती फाईल गुपचूप बिघडवते.

एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई, टीएलसी प्रकारची, पाच वर्षांच्या वॉरंटीची. सर्वांत वेगवान मॉडेल घेऊ नका. ते गरम होतं आणि तुमच्या कामात फरक पडत नाही. एक मर्यादा माहीत असू द्या. ग्राहकांसाठीच्या एसएसडीत लाईट गेल्यावर अर्धवट लिहिलेलं पूर्ण करायला लागणारे कॅपॅसिटर सहसा नसतात. म्हणून ज्या मशीनवर टॅलीचा डेटा फोल्डर आहे, त्याचा यूपीएस सर्वांत नव्या बॅटरीचा हवा आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हवा. झीज किती झाली हे सहा महिन्यांतून एकदा पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून बघता येतं:

```
Get-PhysicalDisk | Get-StorageReliabilityCounter |
  Select-Object DeviceId, Wear, Temperature, PowerOnHours
```

`Wear` म्हणजे वापरून झालेला टक्का. ऑफिसच्या कामात तो वर्षाला एक-दोनने वाढतो. झपाट्याने वाढत असेल तर रॅम कमी पडतेय आणि सगळा भार एसएसडीवर येतोय, असं समजा. काही एसएसडी हे आकडे दाखवत नाहीत. तेव्हा CrystalDiskInfo वापरा.

मदरबोर्ड एच६१० चिपसेटचा पुरतो. फक्त मागचे सॉकेट बघून घ्या. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए असतो, आणि व्हीजीएवर आकडे अंधुक दिसतात. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असे दोन्ही असलेला बोर्ड घ्या, दिवसभर दोन मॉनिटरवर रकाने वाचायचे आहेत.

वीज वाचवणारी एक सेटिंग मात्र बंद करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये USB selective suspend असतं. ते चालू असताना डिजिटल सहीचे काही डीएससी टोकन मध्येच झोपी जातात, आणि सही करायच्या क्षणी पोर्टल म्हणतं सर्टिफिकेट सापडत नाही. तिथे वाचणारी वीज नगण्य आहे. त्याऐवजी मॉनिटर दहा मिनिटांनी बंद होईल असं ठेवा. दोन मॉनिटरचे ४० वॉट जेवणाच्या सुट्टीत वाचतात, जे मशीनच्या स्वतःच्या खर्चाहून जास्त आहेत.

पाचही मशिनं एकदम घेऊ नका. एक बनवून घ्या आणि ज्याच्या टेबलावर सर्वांत जड फाईल आहे त्याला द्या. ११ तारखेच्या आर१ पासून २० च्या ३बी पर्यंतचे दिवस त्यावर जाऊ द्या. वॉटमीटरवर रिकामं असताना ३० च्या खाली आणि नेहमीच्या कामात सरासरी ३५ च्या खाली दिसलं, प्लग काढल्यावर रीस्टार्ट झालं नाही, टोकन मध्येच झोपी गेला नाही आणि Committed १६ च्या आत राहिला, की त्याच यादीची चार मशिनं मागवा. बिलावर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, विशेषतः एसएमपीएस आणि एसएसडीचा. पाच वर्षांची वॉरंटी त्या नंबरावरच मिळते. जुन्या यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र आत्ताच बदला, नव्या मशिनांची वाट बघू नका.